डोंगर त्रिकोणांत उतरवताना

निसर्गाच्या छायाचित्राचं लो-पॉली चित्र करायचं म्हणजे छायाचित्रावर बिंदू पेरायचे, ते जोडून त्रिकोणांचं जाळं विणायचं आणि प्रत्येक त्रिकोणात एकच सपाट रंग भरायचा. कृती एवढीच आहे. त्यातलं जाळं विणण्याचं आणि रंग भरण्याचं काम संगणक बिनचूक करतो. बिंदू कुठे पडावेत हे मात्र त्याला कळत नाही, आणि चित्र नेमकं तिथेच ठरतं. पुढच्या पानांतले सगळे धडे या एका गोष्टीभोवती फिरतात. म्हणून प्रस्तावनेत अनेक तंत्रांची ओळख करून देण्याऐवजी एकच छायाचित्र घेऊन ते शेवटपर्यंत तडीला न्यावं असं मी ठरवलं आहे.

त्याआधी ही शैली आली कुठून ते थोडं सांगायला हवं, कारण तिच्या जन्मातच तिची मोठी अडचण दडलेली आहे. १९९३ साली सेगा कंपनीचा ‘व्हर्च्युआ फायटर’ हा खेळ आर्केडमध्ये आला. त्यातले मल्ल ठसठशीत पैलूंचे होते. त्या काळच्या यंत्रांना सेकंदाला मोजकेच बहुकोन रंगवता यायचे, म्हणून गाल, खांदा, मूठ हे सगळं थोड्याच सपाट तुकड्यांत बसवावं लागे. प्रत्येक तुकडा प्रकाशाकडे किती वळलेला आहे त्यावरून त्याचा एकच रंग ठरे. पुढे यंत्रं सुधारली, ही सक्ती राहिली नाही आणि जी तडजोड होती ती चित्रकारांनी आवडीनं उचलली.

त्या खेळातला प्रत्येक तुकडा हा खरोखरचा पृष्ठभाग होता. रंग बदलला म्हणजे पृष्ठभाग वळला, एवढा एकच अर्थ त्यातून निघत असे. लो-पॉली चित्र बघताना आपली नजर अजूनही तसाच अर्थ लावते. छायाचित्रात मात्र रंग कशानेही बदलतो. गवताच्या पात्यांमुळे बदलतो, ढगाच्या सावलीनं बदलतो, खडकावरच्या शेवाळानं बदलतो. हे सगळे बदल जसेच्या तसे त्रिकोणांत आले तर मऊ गवताळ पठार फुटक्या दगडांच्या ढिगासारखं दिसू लागतं. बघणाऱ्याला चूक कुठे आहे हे सांगता येत नाही, पण डोंगर त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहत नाही. त्यामुळे त्रिकोण पाडण्यापूर्वी छायाचित्रातले कोणते बदल ठेवायचे आणि कोणते पुसायचे हे ठरवणं ही पहिली पायरी आहे. फिल्टरांचं खरं काम तिथे आहे.

मोझेकचंही इथेच सांगून टाकतो. गिंपमधला `Mosaic` किंवा फोटोशॉपमधला `Crystallize` हे फिल्टर चित्राकडे फारसं न बघता सगळीकडे जवळपास सारख्या आकाराच्या फरशा अंथरतात. आकाश असो की कडा, फरशी तेवढीच. रोमन कारागीर असं करत नसत. आकृतीच्या कडेकडेनं ते तुकड्यांच्या रांगा नेत, म्हणून त्यांच्या मोझेकमध्ये तुकडे मोठे असले तरी गालाची गोलाई कळते. आपण त्रिकोणांसाठी जे बिंदू काळजीनं ठेवणार आहोत, तेच बिंदू केंद्र धरून प्रत्येकाभोवती त्याच्या जवळचा प्रदेश आखला की मोझेकच्या फरशाही मिळतात. या प्रदेशांचं गणित जॉर्जी वोरोनोई यांनी १९०८ साली मांडलं. त्रिकोणांचं जाळं बोरिस डेलोने यांनी १९३४ च्या निबंधात मांडलं आणि तो निबंध त्यांनी वोरोनोईंच्या स्मृतीला अर्पण केला. दोन्ही रचना एकाच बिंदुसमूहातून निघतात. म्हणून बिंदू साधले की दोन्ही शैली हाताशी येतात, आणि इथून पुढे मी फक्त त्रिकोणांबद्दल बोलणार आहे.

छायाचित्र घेऊ या. नाणेघाटाच्या पठारावरून जीवधनकडे बघत सप्टेंबरात काढलेलं. मागे जीवधनचा कातळ, त्याच्या शेजारी सुटा उभा असलेला वानरलिंगीचा सुळका, उजवीकडे खाली उतरत गेलेलं आणि धूसर होत गेलेलं कोकण, पुढ्यात गवताचं पठार, त्यात सोनकीची पिवळी फुलं आणि साचलेल्या पाण्याची एक-दोन डबकी. आकाश अर्धं ढगाळ. जुन्नरकडच्या भटक्यांच्या संग्रहात असं छायाचित्र हमखास असतं. मी ते निवडलं त्याचं कारण असं की सह्याद्रीत लो-पॉली चित्र करताना जे जे अडतं ते सगळं या एका चौकटीत सापडतं.

मूळ छायाचित्र सहा-सात हजार पिक्सेल रुंद असेल तर आधी ते १६०० पिक्सेल रुंदीवर आणावं. शेवटी एकेका त्रिकोणाला एकच रंग उरणार आहे, तेव्हा प्रत्येक पात्याची नोंद सांभाळून काही साधत नाही. लहान करताना बारीक गोंधळ आपोआप थोडा विरतो. त्यानंतर बायलॅटरल फिल्टर लावायचा. साधा धूसर करणारा फिल्टर शेजारचे पिक्सेल सरसकट मिसळतो, त्यामुळे गवत गुळगुळीत होतं पण कड्याची धारही विरघळते. बायलॅटरल फिल्टर शेजारचा पिक्सेल किती दूर आहे हे बघतो, शिवाय त्याचा रंग किती वेगळा आहे हेही बघतो. रंगात फार फरक असेल तर तो त्याला मिसळणीत जवळजवळ घेतच नाही. म्हणून गवतात गवत मिसळतं आणि काळ्या कातळाची धार ढगाच्या पांढऱ्यापासून अलग राहते. ओपनसीव्हीमध्ये हा फिल्टर वापरताना व्यास ९ आणि रंगाची व अंतराची मर्यादा प्रत्येकी ७५ ही सुरुवात पुष्कळदा चांगली ठरते. एकदाच जोरात लावण्यापेक्षा हलक्या हातानं दोन-तीनदा लावलेला बरा.

आता पहिला खड्डा येतो. उजवीकडच्या कोकणात डोंगरांच्या दोन-तीन रांगा एकामागे एक फिक्या होत गेलेल्या आहेत. शेवटची रांग आणि तिच्यामागचं आकाश यांच्या उजेडात २५५ पैकी जेमतेम दहा-पंधरा पायऱ्यांचा फरक असतो. रंगाची मर्यादा ७५ ठेवलेल्या फिल्टरला हा फरक दिसतच नाही. तो रांग आणि आकाश एकमेकांत कालवून टाकतो. पुढचं गवत सुंदर गुळगुळीत झालेलं असतं म्हणून आपण खूश असतो, आणि तेवढ्यात चित्रातली अर्धी खोली निघून गेलेली असते. हे ओळखायचं कसं? फिल्टर लावण्याआधीचं आणि नंतरचं चित्र एकावर एक दोन लेयरमध्ये ठेवावं आणि फक्त क्षितिजाकडे बघत वरचा लेयर चालू-बंद करावा. एखादी रांग लुकलुकली, म्हणजे कधी दिसली कधी नाही, तर ती गेली असं समजावं. उपाय सोपा आहे. क्षितिजाच्या पट्ट्याला वेगळा मास्क द्यावा आणि तिथे रंगाची मर्यादा आठ-दहावर आणावी. पुढचं गवत आणि दूरचं कोकण यांना एकच फिल्टर एकाच जोरानं लावता येत नाही. लो-पॉली चित्रांत दूरचे डोंगर इतके वेळा बेपत्ता का होतात याचं हे एक मोठं कारण आहे.

फिल्टरनंतर चित्र करड्या छटांत बघावं आणि उजेडाचे किती ठळक गट उरले आहेत ते मोजावं. आपल्या छायाचित्रात पाच गट पुरतात: ढगाचं पांढरं, दूरच्या रांगांचं फिकं करडं, पठाराचं मधलं, कातळाचा उजेडातला भाग आणि कातळाचा सावलीतला भाग. प्रत्येक ठिकाण यांपैकी कोणत्या गटात जातं हे बोट ठेवून सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर अजून बिंदूंकडे वळायची वेळ झालेली नाही. हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि पुष्कळ जण तो गाळतात. पण पुढे त्रिकोण कितीही देखणे पडले तरी उजेडाचे गट गढूळ असतील तर चित्र दुरून वाचता येत नाही.

आता बिंदू. आपोआप बिंदू टाकणारी साधनं मिळतात. गिंपला जोडता येणाऱ्या जीमिक या संचात `Polygonize [Delaunay]` नावाचा फिल्टर आहे. तो चित्रातल्या किनारी शोधतो, त्यांच्यावर बिंदू टाकतो आणि जाळं विणून देतो. करून बघण्यासारखा आहे, कारण यंत्राला छायाचित्रात काय महत्त्वाचं वाटतं ते त्यातून दिसतं. आपल्या छायाचित्रात त्याला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं गवत आणि सोनकी. शेजारच्या दोन पिक्सेलांत जितका फरक जास्त तितकी किनार ठळक, असा त्याचा हिशेब असतो. आणि हिरव्यावर पिवळा ठिपका याहून ठळक फरक त्या चौकटीत कुठेच नाही. परिणामी बिंदू पठारावर गर्दी करतात, वानरलिंगीच्या वाट्याला थोडेच येतात आणि कोकणाच्या फिक्या रांगांना तर जवळपास काहीच मिळत नाही. ज्यासाठी माणूस तिथवर चालत गेला तेच चित्रात सगळ्यात दरिद्री उरतं.

म्हणून निदान मुख्य आकारांचे बिंदू हातानं ठेवावेत असं माझं ठाम मत आहे. एकूण किती? जाळ्याचं गणित इथे कामी येतं. एकूण बिंदू जितके असतील त्याची दुप्पट करायची, त्यातून २ वजा करायचे आणि चौकटीच्या कडांवर जितके बिंदू आहेत तेवढे वजा करायचे. जे उरतं तितके त्रिकोण पडतात. आपल्या चित्रासाठी ९०० बिंदू घेतले आणि त्यातले ६४ चौकटीच्या कडांवर असतील, तर १८०० वजा २ वजा ६४, म्हणजे १७३४ त्रिकोण होतात. १६०० पिक्सेल रुंद चित्राला हे पुष्कळ आहेत. याच्या दुपटीवर गेलो तर त्रिकोण नजरेला सुटे दिसेनासे होतात आणि चित्र खराब छपाई झालेल्या छायाचित्रासारखं वाटू लागतं. ३०० च्या खाली आलो तर जीवधन हा कोणताही डोंगर होऊन बसतो. चौकटीच्या कडांवरचे बिंदू विसरायचे नाहीत, विशेषतः चार कोपरे. ते राहिले तर जाळं चौकटीच्या आतच संपतं आणि कडेला रिकाम्या पाचरी उरतात.

या ९०० बिंदूंची वाटणी म्हणजेच चित्राची रचना. आकाशाला ४० पुरतात. कोकणाच्या रांगांना ६०, पण ते सगळे रांगांच्या माथ्यांवर, मधल्या धुक्यात नाहीत. जीवधन आणि वानरलिंगी मिळून ३८० घेतात, म्हणजे चौकटीचा जेमतेम पाचवा भाग सगळ्यांत जास्त बिंदू खातो. उरलेले मधल्या उतारावर आणि पुढच्या पठारावर वाटायचे. त्यातही पठारावरचे बिंदू जवळच्या बाजूला विरळ ठेवले तर नजर तिथे अडकत नाही, ती कातळाकडे जाते. छायाचित्रात जवळची वस्तू जास्त बारकाव्यानं दिसते, आपण इथे मुद्दाम उलट करतो आहोत. नजर जिथे थांबावी तिथे लहान त्रिकोण, बाकी सगळीकडे मोठे.

वानरलिंगीला थोडा वेळ द्यावा लागतो. या चौकटीत तो सुळका साधारण ४० पिक्सेल रुंद दिसतो. दर २५-३० पिक्सेलांवर बिंदू टाकणाऱ्या जाळ्यात त्याला उभं राहायला जागाच नसते, त्याची एक तिरकी पाचर होते. त्याच्या दोन्ही कडांवर दर बारा-पंधरा पिक्सेलांवर बिंदू लागतात आणि मधून, उजेड व सावली जिथे भेटतात तिथून, बिंदूंची तिसरी ओळ लागते. या तिसऱ्या ओळीमुळे तो कागदी कपट्यासारखा सपाट न वाटता उभा खांब वाटतो. आणि सुळका व किल्ला यांच्यामधली खिंड! ती आकाशाची चिंचोळी फट हरवली तर सुळका किल्ल्याला चिकटतो आणि सगळी ओळख पुसली जाते. फटीच्या तळाशी एक बिंदू आणि दोन्ही काठांवर समोरासमोर बिंदू, एवढ्यानं ती वाचते.

कातळाचा प्रश्न यापेक्षा खोल आहे आणि तो खास सह्याद्रीचा आहे. लो-पॉली डोंगरांचे जे नमुने आपण सगळीकडे पाहतो ते बहुतेक टोकदार, बर्फाळ शिखरांचे असतात. तिथे त्रिकोण आणि शिखर यांचं आपसूक जमतं. सह्याद्री बनला आहे बेसॉल्टच्या थरांनी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक पसरत गेले, आणि त्यामुळे इथले डोंगर आडव्या पट्ट्यांचे, सपाट माथ्यांचे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारे आहेत. जीवधनच्या कातळात उभी भिंत, मग गवताची आडवी पट्टी, मग पुन्हा उभी भिंत असा क्रम स्पष्ट दिसतो. या आडव्या पट्ट्या मोडल्या की चित्रातला डोंगर आल्प्समधला वाटू लागतो. रंग बरोबर, आकार बरोबर, आणि तरीही परका.

पट्ट्या मोडतात त्या डेलोनेच्या नियमामुळे. कोणत्याही त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या आत चौथा बिंदू नसावा, असा तो नियम आहे. त्यामुळे जाळ्यातला सगळ्यात लहान कोन शक्य तितका मोठा राहतो, म्हणजेच बारीक सुईसारखे त्रिकोण टळतात आणि जाळं डोळ्याला भरीव वाटतं. पण आडव्या पट्टीला लांबट, चपटे त्रिकोणच हवे असतात! पट्टीच्या वरच्या रेघेवर विरळ बिंदू टाकले तर जाळं त्यांना एकमेकांशी न जोडता खालच्या रेघेवरच्या बिंदूंशी जोडतं आणि पट्टीची धार करवतीसारखी होते.

यावर एक साधी कसोटी आहे. रेघेवरच्या दोन शेजारच्या बिंदूंमधलं अंतर हा व्यास धरून मनात वर्तुळ काढावं. त्याच्या आत किंवा परिघावर तिसरा बिंदू येत नसेल तर ते दोन बिंदू जाळ्यात जोडले जाणार हे नक्की. समजा दोन पट्ट्यांच्या रेघा एकमेकींपासून २० पिक्सेलांवर आहेत. रेघेवर दर ३० पिक्सेलांनी बिंदू ठेवले तर वर्तुळाची त्रिज्या १५ होते, ते शेजारच्या रेघेपर्यंत पोचतच नाही आणि रेघ शाबूत राहते. दर ५० पिक्सेलांनी ठेवले तर त्रिज्या २५ होते, शेजारच्या रेघेवरचा एखादा बिंदू आत येऊ शकतो आणि रेघ तुटू शकते. ही एक गोष्ट हाताला बसली की सह्याद्रीचं चित्र सह्याद्रीचं दिसू लागतं. जीवधनच्या माथ्याची सपाट रेघ आणि त्याखालच्या गवताच्या मुख्य पट्ट्या या कसोटीनं पक्क्या कराव्यात, बाकीच्या बारीक भेगा खुशाल सोडून द्याव्यात.

बिंदूंची यादी `points.txt` मध्ये दर ओळीला दोन आकडे अशी साठवली असेल, आधी डावीकडून अंतर आणि मग वरून, तर पुढचं काम पायथॉनच्या थोड्या ओळींत होतं:

```python
import cv2
import numpy as np
from scipy.spatial import Delaunay

img = cv2.imread("jivdhan.png")
pts = np.loadtxt("points.txt")
out = img.copy()
for t in Delaunay(pts).simplices:
    tri = pts[t].astype(np.int32)
    mask = np.zeros(img.shape[:2], np.uint8)
    cv2.fillConvexPoly(mask, tri, 255)
    color = np.median(img[mask > 0], axis=0)
    cv2.fillConvexPoly(out, tri, color.tolist())
cv2.imwrite("lowpoly.png", out)
```

ज्यांना पायथॉन नको असेल त्यांनी इंकस्केपमध्ये छायाचित्र तळाच्या लेयरवर कुलूपबंद करून वर पेननं त्रिकोण काढावेत आणि ड्रॉपरनं रंग उचलावा. फक्त नोडला नोड चिकटण्याची सोय, म्हणजे स्नॅपिंग, आधी चालू करावी. नाहीतर शेजारच्या त्रिकोणांत केसाएवढ्या फटी राहतात आणि त्या शेवटी छापताना दिसतात.

पायथॉनच्या वरच्या ओळींत सरासरीऐवजी मध्यक घेतला आहे, तो विचारपूर्वक. कड्याच्या धारेवरचा त्रिकोण थोडा आकाशात सांडला तर सरासरी काळ्यात पांढरं मिसळते आणि धारेवर राखाडी त्रिकोणांची किनार तयार होते. असं चित्र मळकं दिसतं आणि मळ नेमका सगळ्यात महत्त्वाच्या रेघेवर साचतो. मध्यक बहुमतानं चालतो. त्रिकोणाचा मोठा भाग कातळात असेल तर तो कातळाचाच रंग देतो. पठारावर मात्र हाच गुण आड येतो. सोनकीची फुलं हिरव्यात अल्पमतात असतात, म्हणून मध्यक त्यांना पूर्ण पुसतो आणि सप्टेंबरचं पठार जुलैसारखं नुसतं हिरवं होतं. तिथे सरासरी घ्यावी.

सरासरीचीही एक खोच आहे. फाइलमधले रंगांचे आकडे उजेडाच्या प्रमाणात नसतात, ते डोळ्याच्या सोयीनं वाकवलेले असतात. निम्मं काळं आणि निम्मं पांढरं यांची थेट सरासरी १२८ येते. आधी आकडे खऱ्या उजेडात बदलून, सरासरी काढून, पुन्हा परत आणले तर उत्तर १८८ च्या आसपास येतं. काळं-पांढरं पट्टेदार कापड दुरून जसं दिसतं त्याच्याशी दुसरं उत्तर जुळतं. आकाशात, जिथे सगळे रंग एकमेकांजवळ आहेत, तिथे हा फरक नगण्य असतो. गडद हिरव्यातल्या पिवळ्या फुलांसाठी मात्र तो डोळ्यांत भरतो: थेट सरासरीचं पठार काळवंडतं, खऱ्या उजेडाच्या सरासरीचं पठार उन्हात असल्यासारखं दिसतं. तेवढ्यावरही सोनकी कमी पडली असं वाटलं तर पाच-सात लहान त्रिकोण हातानं पिवळे करावेत. हे छायाचित्रात नाही म्हणून बिचकू नये. आपण चित्र करतो आहोत.

आकाशाबद्दल माझा कल स्पष्ट आहे: थोडे आणि मोठे त्रिकोण. ढगांच्या मऊ बदलांवर बारीक जाळं टाकलं तर शेजारच्या त्रिकोणांत दोन-तीन पायऱ्यांचाच फरक उरतो. तो धड दिसतही नाही आणि धड लपतही नाही. बघणाऱ्याला ती फाइल खराब झाल्याची खूण वाटते. एकतर फरक आठ-दहा पायऱ्यांपर्यंत वाढवून त्रिकोण धीटपणे दाखवावेत किंवा तिथे साधा उतरता रंग ठेवावा.

चित्र एसव्हीजीमध्ये उतरवलं की आणखी एक त्रास भेटतो. त्रिकोण गणितानं तंतोतंत चिकटलेले असूनही पडद्यावर सगळ्या जाळ्यावर फिकट केसरेघा दिसतात. प्रत्येक त्रिकोणाची कड वेगवेगळी मऊ केली जाते आणि त्या दोन मऊ कडांमधून मागचा पांढरा रंग डोकावतो. प्रत्येक त्रिकोणाला त्याच्याच रंगाची अर्ध्या ते एक पिक्सेलची बाह्यरेघ दिली की त्या झाकल्या जातात. `shape-rendering="crispEdges"` लिहूनही जातात, पण मग तिरक्या रेघा पायऱ्यांसारख्या दिसतात. बाह्यरेघेचा मार्ग मला बरा वाटतो.

सगळ्या छायाचित्रांचं असं चित्र होत नाही, आणि हे काम सुरू करण्यापूर्वीच ओळखलं तर बरेच श्रम वाचतात. ज्या चौकटीत गवत आणि पानं यांखेरीज काही नाही, उदाहरणार्थ घनदाट रानातली पायवाट, तिथे ठेवण्यासारखी रेघच सापडत नाही. भर दुपारच्या छायाचित्रात कातळाला उजेडाची आणि सावलीची अशा दोन बाजू नसतात, मग त्रिकोणांना वळण दाखवायला काही उरत नाही. दाट धुक्याचं सौंदर्य तर सीमा नसण्यातच असतं आणि त्रिकोण म्हणजे नुसत्या सीमा. नाणेघाटातल्या लेण्याच्या भिंतीवर सातवाहनकालीन शिलालेख आहे, त्याच्या छायाचित्राला हा हात लावू नये. अक्षरं त्रिकोणांत वाचता येत नाहीत.

शेवटी `points.txt` विषयी. तयार चित्राइतकीच ती फाइल जपून ठेवावी. तिपाई नेमकी त्याच जागी लावून आणि लेन्स तीच ठेवून एप्रिलात पुन्हा छायाचित्र काढलं तर जीवधन, वानरलिंगी, खिंड आणि कोकणाच्या रांगा यांचे बिंदू थोडेसे सरकवून तसेच वापरता येतात. पठारावरचे मात्र नव्यानं ठेवावे लागतात, कारण डबकी आटलेली असतात आणि सोनकी गेलेली असते. आकाशाचे ४० बिंदूही बदलतात. कातळातल्या गवताच्या पट्ट्या तेव्हा पिवळट-तपकिरी होतात आणि काळ्या भिंतींपासून पावसाळ्यापेक्षा जास्त उठून दिसतात. त्यामुळे थरांच्या ज्या रेघा सप्टेंबरच्या छायाचित्रात अंदाजानं ठेवल्या होत्या त्या एप्रिलच्या छायाचित्रावर तपासून घेता येतात, आणि दुरुस्त केलेले बिंदू पुन्हा सप्टेंबरच्या चित्राला लावता येतात. पुढचा पहिला धडा याच दोन छायाचित्रांवर आहे.